मंदिराच्या साऊंडला फोन जोडायचा होता : डोंगल तापलं, आवाज गेला, त्याच्या नोंदी

लातूरहून लिहितोय. आमच्या गावी, औसा तालुक्यात, श्रावणात सप्ताह असतो आणि पहाटे काकड्याच्या आधी हरिपाठाचं रेकॉर्डिंग लावायचं काम यंदा माझ्याकडं आलं. फोनला हेडफोनचं भोक नाही म्हणून टाईप-सी डोंगल घेतलं, आणि त्या बोटभर वस्तूनं दहा-बारा दिवस घेतले. अजून कुणाचं डोंगल तापत असेल अन आवाज येत नसेल तर त्याला उपयोगी पडावं म्हणून तारखेनुसार जसं झालं तसं टाकतोय.

29 जुलै

डोंगल आलं, 750 रुपये. एका बाजूला टाईप-सी, दुसऱ्या बाजूला 3.5 चं भोक, मधी चार बोटं वायर. याच्या आत स्वतःची डॅक चीप असती, म्हणजे फोन फक्त आकडे पाठवतो आणि आवाज डोंगलमधी तयार होतो, त्यासाठी लागणारी वीज ते फोनकडूनच घेतं. घरी हेडफोन लावून तासभर ऐकलं, आवाज एकदम स्वच्छ, तबल्याची थाप वेगळी कळायली. अंगाला हात लावला तर कोमट होतं, चहाचा कप रिकामा झाल्यावर असतो ना तेवढं. हे कोमटपण लक्षात ठेवलं ते पुढं फार कामाला आलं, कारण नॉर्मल किती तापतं हेच माहीत नसलं तर जास्त कधी तापलं ते कळणार कसं.

2 ऑगस्ट

मंदिरात पहिली ट्रायल. तिथं चार चॅनलचा छोटा मिक्सर आहे, त्यातून ॲम्प्लिफायर आणि मग कर्णे. माझ्याकडं 3.5 स्टीरिओ ते 6.35 स्टीरिओ अशी वायर होती, ती डोंगलमधून मिक्सरच्या लाईन इनपुटला लावली. आवाज आला पण महाराजांचा आवाजच गायब! मृदंग लांबून ऐकू येतो, टाळ येतात, मागं घुमल्यासारखं काहीतरी येतं, पण म्हणणारा माणूस नाही. बप्पा (आमचे मृदंगवाले) म्हणाले, "अरे हे काऊन असं व्हायलंय, रेकॉर्डिंग फाटलंय का?" तेच रेकॉर्डिंग हेडफोनवर लावून त्यांच्या कानाला दिलं तर एकदम नीट.

कारण नंतर कळलं पण इथंच लिहून टाकतो. मिक्सरचं ते इनपुट बॅलन्स्ड असतं, ते प्लगच्या टोकावरच्या सिग्नलमधून मधल्या रिंगवरचा सिग्नल वजा करतं. स्टीरिओ वायरमधी टोकावर डावा चॅनल येतो आणि रिंगवर उजवा. गाणाऱ्याचा आवाज रेकॉर्डिंगमधी मधोमध असतो म्हणजे दोन्हीकडं सारखाच, सारख्यातून सारखं वजा केलं की शून्य. जे डाव्या-उजव्यात वेगळं असतं तेवढंच उरतं. डोंगलची यात काही चूक नव्हती.

3 ऑगस्ट

साऊंडवाला पोरगा म्हणाला स्टीरिओ वायर चालत नाही दादा, मोनो वायर आणा. सल्ला अर्धा बरोबर होता. गंजगोलाईत जाऊन 80 रुपयाची वायर आणली, दोन्ही टोकं मोनो, एकीकडं 3.5 आणि एकीकडं 6.35. संध्याकाळी गावात येऊन लावली, फोनचा आवाज फुल, मिक्सरचा नॉब वर, आणि काहीच नाही. कर्ण्यातून नुसती बारीक सूं. आधी वाटलं मिक्सरचंच काहीतरी, म्हणून चॅनल बदलून बघितलं, दुसरा, तिसरा, ॲम्प्लिफायर बंद करून चालू केला, यात पंधरा-वीस मिनिटं गेली आणि तेवढा वेळ हरिपाठ फोनवर तसाच चालू. मग डोंगल काढायला हात घातला तर बोट झटकन मागं आलं. धरवतच नव्हतं. फोनचाही खालचा भाग गरम लागत होता.

फोनवर सगळं नॉर्मल दिसत होतं हे मुद्दाम सांगतो. गाणं पुढं सरकतंय, वर हेडफोनचं चिन्ह आहे, कुठलीही सूचना नाही. फोनला फक्त एवढंच कळतं की डोंगल जोडलेलं आहे, डोंगलच्या पलीकडं काय चाललंय ते त्याला दिसत नाही. म्हणून स्क्रीनवर भरवसा ठेवून वेळ घालवू नका, डोंगलला हात लावून बघा.

4 ऑगस्ट

घरी येऊन रात्रभर डोंगल तसंच ठेवलं. सकाळी हेडफोन लावले, आवाज नाही. मनात आलं जळलं, गेले 750. लगेच बाजारात जाऊन 150 रुपयाचं दुसरं आणलं, दुकानदार म्हणाला सगळ्या फोनला चालतं. त्यालाही आवाज नाही. आता दोन-दोन डोंगल आणि दोन्ही मुके, त्यामुळं वाटायलं की फोनचंच पोर्ट गेलं. फोन रिपेअरवाल्याकडं गेलो, त्यानं पोर्ट साफ केलं, 100 रुपये घेतले, फरक शून्य.

घाईत एक गोष्ट निसटली. काल डोंगल तापलं होतं आणि आवाज नव्हता, आज डोंगल थंडगार होतं आणि आवाज नव्हता. मी दोन्ही एकच बिघाड समजून चाललो आणि तिथंच दिवस गेला. गरम असून मुकं म्हणजे त्याला वीज मिळतीय आणि ती भलतीकडं जळतीय. थंड असून मुकं म्हणजे वीजच मिळत नाही. दोन्हीची कारणं वेगळी, शोधायच्या जागाही वेगळ्या.

5 ऑगस्ट

माझ्या झेरॉक्स सेंटरवर जुना लॅपटॉप आहे, त्यावर लिनक्स आहे. फोन बाजूला ठेवून दोन्ही डोंगल लॅपटॉपला लावून बघायचं ठरवलं. लॅपटॉपला टाईप-सी नाही, म्हणून टाईप-ए ते सी असा छोटा कन्व्हर्टर लावला. डोंगल लावायच्या आधी एकदा आणि लावल्यावर एकदा हे चालवायचं, आणि यादीत काय वाढलं ते बघायचं:

```
lsusb
aplay -l
```

पहिलं, म्हणजे तापलेलं डोंगल, लावलं तर दोन्ही यादीत हजर! हेडफोन लावले, आवाज चालू. जीवात जीव आला खरंच.

दुसरं लावलं तर यादीत काहीच वाढलं नाही. `lsusb` ला ते दिसतच नव्हतं. म्हणजे त्यात चीपच नाही, नुसत्या तारा आहेत. अशा डोंगलला फोननं स्वतः तयार केलेला आवाज टाईप-सी मधून तसाच बाहेर द्यावा लागतो, आणि ती सोय काही फोनमधी असती, काहीत नसती. माझ्या फोनमधी नाही. डोंगल खराब नाही, माझ्या फोनच्या कामाचं नाही एवढंच, पण बाहेरून बघून दोन्हीत फरक कळत नाही. विकत घेताना पाकिटावर डॅक किंवा 24 बिट असं काहीतरी लिहिलेलं आहे का ते बघायचं, आणि जमलं तर दुकानातच कुठल्याही कॉम्प्युटरला लावून साऊंडच्या यादीत नवीन नाव येतं का ते बघायचं. नाव आलं नाही तर ते नुसत्या तारांचं.

मग पहिलं डोंगल लॅपटॉपला चालतं तर फोनला का नाही? याचं उत्तर रात्री सापडलं, फोनच्या सेटिंगमधी OTG नावाचं बटण होतं आणि ते बंद होतं. काही कंपन्यांच्या फोनमधी हे बटण असतं आणि दहा मिनिटं काही जोडलेलं नसलं की ते आपोआप बंद होतं. बंद असलं की फोन पोर्टमधून बाहेर वीज देतच नाही, मग डोंगल थंडच राहणार. 29, 2 आणि 3 तारखेला डोंगल लावताना मी ते चालू केलेलं असणार, पण 4 तारखेला विसरून गेलो. बटण चालू केलं, डोंगल लगेच जागं झालं. 150 चं डोंगल आणि पोर्ट सफाईचे 100, असे 250 रुपये या एका बटणापायी गेले.

6 ऑगस्ट

आता खरा प्रश्न, तापलं का. 480 रुपयाचा यूएसबी मीटर मागवला होता तो आज आला. हा पोर्ट आणि वस्तूच्या मधी लावायचा, स्क्रीनवर व्होल्ट आणि ॲम्पिअर दिसतात. लॅपटॉप, मग मीटर, मग कन्व्हर्टर, मग डोंगल अशी माळ केली.

डोंगल नुसतं लावलं, भोक रिकामं: 0.03 ॲम्पिअर. हेडफोन लावून नेहमीच्या आवाजात हरिपाठ: 0.03 आणि 0.04 मधी हलतंय. आवाज फुल: 0.05. म्हणजे 5 व्होल्टला पाव वॅट फक्त, कोमट लागणारच, त्यात काळजीचं काही नाही.

मग हेडफोन काढून कालपरवाची मोनो वायर लावली, दुसरं टोक कशालाच न लावता, हवेत लोंबकळत. म्हणजे मिक्सर नाही, ॲम्प्लिफायर नाही, काहीच नाही. आवाज फुल केला आणि मीटर 0.16 वर गेला! मजा म्हणजे तो स्थिर नव्हता, मृदंगाच्या ठोक्याला 0.17, दोन अभंगांच्या मधी शांतता आली की परत 0.03 ला खाली. गाण्याबरोबर करंट नाचत होता. यावरून पक्कं झालं की चीप बिघडलेली नाही, ती सिग्नल नीट तयार करतीय आणि तो कुठंतरी शॉर्टमधी जातोय. चीपच आतून शॉर्ट असती तर गाणं बंद असतानासुद्धा करंट वर राहिला असता. दोन मिनिटातच डोंगल चांगलं गरम झालं, लगेच काढलं.

0.16 गुणिले 5 म्हणजे 0.8 वॅट. ऐकायला किरकोळ वाटतं, फोनच्या पोर्टला तर काहीच नाही, तो यापेक्षा जास्त सहज देतो, म्हणून फोननं मधी पुरवठा तोडलाही नाही. पण ही सगळी उष्णता नखाएवढ्या चीपमधी आणि बंद डबीत आहे, हवा नाही, पंखा नाही, मग हात भाजणारच.

मोनो वायरनं शॉर्ट कसा होतो ते हेडफोनचा प्लग आणि मोनो प्लग शेजारी ठेवले की डोळ्यांनीच दिसतं. प्लगवरच्या काळ्या पट्ट्या मोजायच्या. मोनोला एक पट्टी, स्टीरिओला दोन, माईकवाल्या हेडफोनला तीन. पट्टी म्हणजे दोन धातूंच्या मधला प्लास्टिकचा आडोसा. डोंगलच्या भोकात उजव्या चॅनलची पत्ती जिथं टेकते तिथं स्टीरिओ प्लगला वेगळी रिंग असती. मोनो प्लगला तिथं रिंगच नाही, टोकानंतर मुळापर्यंत एकच धातू आहे आणि तो ग्राउंडला जोडलेला. म्हणजे प्लग आत सरकवला की उजवा चॅनल थेट ग्राउंडला. डोंगल बिचारं पूर्ण ताकदीनं उजव्या बाजूला आवाज ढकलतंय आणि ते सगळं शॉर्टमधी.

मग डावा तरी यायला पाहिजे होता ना? मलाही तेच वाटलं, पण दोन्ही चॅनलना आतून पुरवठा एकच असतो. उजव्यानं तो ओढून खाली पाडला की डावाही बसतो. कमी आवाजावर करून बघितलं तर डावा फाटल्यासारखा का होईना येत होता, आवाज वाढवला की गप्प. मंदिरात मी फोन फुल ठेवला होता, म्हणून तिथं काहीच आलं नव्हतं.

एक अजून, `lsusb -v` मधी त्या डोंगलपुढं असं दिसतं:

```
MaxPower              100mA
```

हे डोंगलनं स्वतः जाहीर केलेलं आहे, मोजलेलं नाही. शॉर्टमधी ते 160 ओढत होतं तरी इथं 100 च दिसत होतं. म्हणून तापण्याचा शोध घेताना या आकड्यावर थांबू नका, मीटर लावा.

8 ऑगस्ट

वायर स्वतः केली. साऊंडवाला म्हणत होता डावा-उजवा दोन्ही तारा पिळून एकत्र करा आणि मोनो प्लगला लावा. हे मी केलं नाही, कारण मग दोन चॅनल एकमेकांवर ढकलाढकली करतात, एक वर जाताना दुसरा खाली असला की परत एका परीनं शॉर्टच.

त्यापेक्षा दोन रेझिस्टर. डोंगलच्या बाजूला 3.5 स्टीरिओ प्लग (दोन पट्ट्यांचा), मधी दोन तारांची शील्ड वायर, मिक्सरच्या बाजूला 6.35 मोनो प्लग. डाव्या तारेत एक 1 किलोओहम, उजव्या तारेत एक 1 किलोओहम, दोन्ही रेझिस्टरची पलीकडची टोकं एकत्र करून 6.35 च्या टोकाला, शील्ड दोन्हीकडं ग्राउंडला. रेझिस्टर 6.35 च्या टोपणात मावतात, वर स्लीव्ह चढवली. आता पुढं काहीही झालं, अगदी मिक्सरच्या बाजूला पूर्ण शॉर्ट झाला, तरी प्रत्येक चॅनलला मधी 1 किलोओहम आडवा आहेच, 1 व्होल्टला 1 मिलिॲम्पिअर, त्याच्या वर जाऊच शकत नाही. मिक्सरच्या मोनो प्लगनं रिंगचं इनपुट ग्राउंड होतं, त्यामुळं वजाबाकीचा प्रश्नही गेला, गाणारा मधोमध असला तरी राहतो.

पहिल्यांदा चूक केली, शील्डचा एक केसाएवढा धागा टोकाच्या टाक्याला चिकटला. मल्टिमीटरच्या बीपवर सापडला, लावायच्या आधीच. वायर केली की टोक आणि ग्राउंडमधी बीप येत नाही ना ते बघूनच पुढं जा.

खर्च: दोन प्लग 60, वायर 40, रेझिस्टर 4 रुपये. वेळ दीड तास, त्यात अर्धा तास तो धागा शोधण्यात. मीटरवर फुल आवाजाला 0.03, जवळजवळ रिकाम्या डोंगलएवढंच.

9 ऑगस्ट

मंदिरात लावलं. महाराजांचा आवाज कर्ण्यातून पहिल्यांदा नीट आला, बप्पांनी डोळे मिटून एक अख्खा अभंग ऐकला आणि फक्त "हां, आता बरोबर" म्हणाले. सव्वा तास चालू ठेवलं, डोंगल कोमट, 29 तारखेला होतं तेवढंच.

पहाटेच्या पोरांना कागदावर लिहून दिलं: आधी डोंगल जोडायचं, मग OTG चालू करायचं, मग हरिपाठ. डोंगल काढून ठेवलं तर दहा मिनिटांनी बटण पडतं, मग परत चालू करावं लागतं. आणि दुसरी कुठली वायर डोंगलला लावायची नाही. ती 80 रुपयाची मोनो वायर मी मंदिरात ठेवलीच नाही, घरी आणली, कुणीतरी सहज लावली असती.

18 ऑगस्ट

सप्ताह झाला, काला झाला, आठही दिवस आवाजाचा काही त्रास नाही. डोंगल घरी आणलं आणि शंका होती म्हणून नीट तपासलं, कारण हेडफोनवर ऐकताना मला गाणारा किंचित डावीकडं सरकल्यासारखा वाटत होता. लॅपटॉपला लावून `alsamixer` मधी आवाज फुल केला आणि 100 हर्ट्झचा सूर सोडला:

```
speaker-test -D plughw:1,0 -c 2 -t sine -f 100
```

(कार्डचा नंबर `aplay -l` मधी दिसेल तो टाकायचा, माझ्याकडं 1 होता.) साधा मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवला, कमी फ्रिक्वेन्सीला तो बऱ्यापैकी खरं सांगतो म्हणून 100 हर्ट्झ. सूर आळीपाळीनं डावीकडं-उजवीकडं जातो, त्या त्या वेळी वाचायचं. रिकामं असताना दोन्हीकडं 0.79 व्होल्ट, एकदम सारखं. मग हेडफोनच्या जागी 33 ओहमचा रेझिस्टर लावला, डावा 0.77, उजवा 0.63. प्लग काढून घासून परत लावला, दुसरा प्लग लावला, आकडे तेच. म्हणजे भार आला की उजवा चॅनल पाचव्या हिश्श्यानं बसतो. 3 तारखेची ती पंधरा-वीस मिनिटं त्याला भोवली असं मी धरतोय. नुसता आवाज येतोय म्हणून मी आधी सुटलो असं समजलो होतो, भार लावून मोजलं नसतं तर कळलंच नसतं.

मिक्सरला लावताना मात्र भार नसल्यातच जमा आहे, मधी 1 किलोओहम आणि पुढं मिक्सरचं इनपुट, तिथं दोन्ही चॅनल परत 0.79 चेच. त्यामुळं हे डोंगल आता वायरीला कायमचं टेपनं बांधून मंदिराच्या कपाटात ठेवलंय, वर चिठ्ठी "फक्त मिक्सरसाठी, हेडफोन लावू नये". हेडफोनसाठी दुसरं मागवलंय, ते आलं की पहिल्या दिवशीच हेच चार आकडे लिहून ठेवणार.